सामाईक वाट आणि दोन चिठ्ठ्या
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘शेजारधर्म’ या विषयावर बोलावयास सांगितले होते. विषय मोठा आहे आणि त्यावर बोलण्याचा माझा अधिकार लहान. म्हणून मी त्यांना म्हटले, “शेजारधर्मावर नको, आमच्या दोन घरांमधल्या अकरा फुटांवर बोलते.” त्या हसल्या, पण ‘बरे’ म्हणाल्या.

ज्यांनी आमचे सावेडीतले घर पाहिले आहे त्यांना तो बोळ ठाऊक आहे. रस्त्याला लागून शेजाऱ्यांचे घर, त्यामागे आमचे, आणि दोन्ही घरांना मिळून जाण्यायेण्याची ही एकच वाट. रुंदी अकरा फूट, लांबी साठ फूट. एका बाजूला शेजाऱ्यांची ओसरी, दुसऱ्या बाजूला कुंपणाची भिंत. वाटेच्या शेवटी आमचे लहानसे अंगण, त्यात आमची मोटार उभी राहते. घरे बांधली तेव्हा दोन्ही घरांत मिळून एक सायकल आणि एक स्कूटर होती. आज शेजाऱ्यांचा मालवाहू टेंपो आहे, आमची मोटार आहे आणि दोन्हीकडच्या मिळून पाच दुचाक्या आहेत. घरे वाढली नाहीत, बोळ वाढला नाही, चाके मात्र वाढली.

शेजारच्या वहिनी समोर दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. मी जे सांगणार ते त्यांच्या परवानगीने सांगते आहे. त्यांची अट एकच, ‘स्वतःची चूक गाळायची नाही.’ तेव्हा चुकीपासूनच सुरुवात करते.

मी त्यांना दोन चिठ्ठ्या लिहिल्या. पहिली 2023 च्या गणपतीनंतरची. आमचा मुलगा नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जातो. साडेसहाला निघतो, दुपारी चारच्या सुमारास परततो. त्या आठवड्यात दोनदा टेंपो आडवा असल्याने त्याला उशीर झाला. मी रागाच्या भरात वहीचा कागद फाडला आणि लिहिले, “सामाईक रस्त्यात वाहन लावू नये. पुन्हा लावल्यास योग्य ती कारवाई करण्यात येईल.” खाली सही नाही. तो कागद मी टेंपोच्या काचेवर वायपरखाली अडकवला आणि कोणी पाहिले नाही ना, असे बघत घरात आले.

या चिठ्ठीने टेंपो एक वीतभरही हलला नाही. हलल्या त्या वहिनी. त्या मंडळात येईनाशा झाल्या. दिवाळीत फराळाची ताटे भिंतीवरून गेली नाहीत, आली नाहीत. मुलगा हॉर्न वाजवी, तिकडून कोणीतरी न बोलता येऊन टेंपो काढी, आणि दारे लागत. तीन महिने असे गेले.

डिसेंबरात एका रात्री सासूबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचे हाड मोडले होते. मुलगा नेमका परगावी गेलेला. सुनेने 108 ला फोन केला. रुग्णवाहिका आली, पण ती आमच्या बोळात शिरतच नाही, रस्त्यावरच थांबते. तिथून स्ट्रेचर साठ फूट आत आणायचा. बोळाच्या मध्यावर टेंपो होता; पण, भगिनींनो, स्ट्रेचर टेंपोने अडला नाही. टेंपोच्या बाजूला माणसे जायला पुरेशी जागा होती. त्या जागेत तीन दुचाक्या उभ्या होत्या. दोन शेजाऱ्यांच्या, त्या त्यांनी लगेच काढल्या. तिसरी आमच्या मुलाची होती. तिचे हँडल लॉक केलेले, आणि किल्ली त्याच्या खिशात, शंभर मैलांवर! शेवटी शेजारच्या मुलाने आणि रुग्णवाहिकेच्या चालकाने ती उचलून ओसरीवर ठेवली, तेव्हा सासूबाई बाहेर निघाल्या. यात सात-आठ मिनिटे गेली. त्या कण्हत होत्या, आणि मला माझाच कागद आठवत होता. ‘योग्य ती कारवाई’ कोणावर करायची होती?

सासूबाईंची शस्त्रक्रिया नीट झाली. घरी आल्यावर त्या एक दिवस खाटेवरून म्हणाल्या, “चिठ्ठी लिहायची तर लिही, पण आधी आपलं लिही. आणि मोजून लिही.” मग त्यांनी आपल्या माहेरच्या वाड्याचे सांगितले. जुन्या नगरात त्यांचा वाडा होता, एकच दिंडीदरवाजा आणि आत तीन बिऱ्हाडे. गाड्या बोळातच लागत. ज्याला पहाटे शेतावर जायचे त्याची बैलगाडी दाराजवळ, जू दाराकडे करून. ज्याचे काम नाही त्याची आत. रात्री गाडी कोणाची आधी आली याला किंमत नव्हती, सकाळी आधी कोण जाणार हे विचारले जाई.

भगिनींनो, आमच्या साऱ्या भांडणाचे मूळ या एका वाक्यात होते. अरुंद बोळ म्हणजे पापडाचा उभा डबा. जो पापड शेवटी घातला तो पहिला निघतो. आपण मात्र गाड्या आल्या त्या क्रमाने घालतो, आणि जाण्याचा क्रम निराळा असला की दार ठोठावतो.

मी आठवडाभर भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या पानावर टिपून ठेवले. टेंपो केव्हा आला, केव्हा गेला. मोटार केव्हा आली, केव्हा गेली. आणि खरोखर अडले कितीदा. माझी समजूत अशी की रोज अडते. सात दिवसांत अडले तीनदा. टेंपो नेप्तीच्या कांदा बाजाराच्या कामासाठी पहाटे साडेचारला निघे, मोटार साडेसहाला. रात्री मोटार आत आणि टेंपो तिच्या पुढे, रस्त्याच्या बाजूला, असा असला तर काहीच अडत नव्हते. आधी निघणारा पुढे होता. अडत होते ते दोन वेळांना. एक म्हणजे दुपारी दोनला टेंपो परत येई, चालवणारा मुलगा पहाटेचा उठलेला म्हणून झोपे, आणि चारला आलेली मोटार बाहेरच राही. दुसरे म्हणजे बाजाराला सुट्टी असली की टेंपो पहाटे निघत नसे, आणि साडेसहाला मोटार कोंडली जाई.

मग टेप घेऊन बोळ मोजला. आमची मोटार लहान आहे. पण आरसे उघडे धरून तिची रुंदी सहा फूट चार इंच भरली. गाडी मोजताना बायका आणि पुरुषही अंग मोजतात, आरसे विसरतात. आणि अडकतात ते आरसेच. टेंपो आरसे धरून सहा फुटांच्या आतबाहेर. म्हणजे अकरा फुटांत दोन चारचाकी एकमेकींच्या बाजूने जाणे शक्यच नाही, कोणी कितीही समजूतदार असले तरी. दुचाकीचे हँडल अडीच फूट भरले. मधल्या स्टँडवर ती सरळ उभी राहते, बाजूच्या स्टँडवर कलते आणि तीन फूट खाते. भिंतीलगत दुचाकीला तीन फूट दिले तर आठ उरतात. त्यातून मोटार दोन्हीकडे दहा-दहा इंच सोडून जाते. जपून, पण जाते.

तिसरी गोष्ट म्हणजे मी खरेदीखत काढून वाचले. घराघरांत खरेदीखत असते. पण चतुःसीमा वाचणारी बाई विरळा. आमच्या खतात एका बाजूस ‘सामाईक रस्ता’ असे लिहिले आहे. हा शब्द नीट पाहावा. रस्ता सामाईक असला तर तो दोघांचा; दोघांपैकी कोणालाच दुसऱ्याची वाट बंद होईल असा त्याचा वापर करता येत नाही. मात्र जमीन एकाची आणि दुसऱ्याला फक्त जाण्यायेण्याचा हक्क, असे लिहिले असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मालकाने आपल्या जागेत वाहन उभे करण्यास हरकत घेता येत नाही. ज्याला हक्क आहे त्याची ये-जा अडता कामा नये, एवढेच. म्हणजे ‘लावूच नका’ असे म्हणायचे की ‘एवढी जागा सोडून लावा’ असे, हे आपल्या खतावर ठरते. मी पहिल्या चिठ्ठीत ‘लावू नये’ लिहिले ते खत न वाचताच. आणि रस्ता सामाईक असेल तर तो नियम आमच्या स्कूटरलाही लागतो, हे तेव्हा सुचले नव्हते.

एवढे झाल्यावर 2024 च्या संक्रांतीला मी दुसरी चिठ्ठी लिहिली. ती वहिनींनी जपून ठेवली आहे. तीच वाचते.

“सौ. वहिनींस, स. न. वि. वि.

गणपतीनंतर टेंपोच्या काचेवर जो बिनसहीचा कागद होता तो मी लावला होता. तो लिहावयास नको होता. त्याबद्दल मनापासून क्षमा मागते.

त्या रात्री आपल्या मुलाने आमची स्कूटर उचलून वाट केली नसती तर आम्ही काय केले असते कोण जाणे. वाट आमच्याच गाडीने अडवली होती. शिवाय महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्याकडे भजन असते, तेव्हा आठ-नऊ स्कूटर बोळात लागतात, आणि त्याच वेळी टेंपो बाजारातून परत येतो. हेही आजवर माझ्या ध्यानात आले नव्हते. यापुढे भजनाच्या गाड्या बाहेर, आमच्या ओळखीच्या मोकळ्या जागेत लागतील.

बोळ साठ फूट आहे. त्याचे वीस-वीस फुटांचे तीन भाग धरावेत असे सुचवते. रस्त्याकडचा पहिला भाग आणि आपल्या ओसरीसमोरचा मधला भाग चारचाकीसाठी. आमच्या अंगणाकडचा तिसरा भाग दोन्ही घरांच्या दुचाक्यांसाठी, भिंतीलगत एका रांगेत, मधल्या स्टँडवर. चारचाकीच्या बाजूला दुचाकी नको, म्हणजे माणसाला आणि स्ट्रेचरला वाट कायम राहील.

चारचाकीचा नियम एकच. ज्याला सकाळी आधी निघायचे त्याने रात्री शेवटी आत यावे. बाजार असेल तेव्हा मोटार अंगणात आणि टेंपो मधल्या भागात. बाजार नसेल तेव्हा टेंपो मधल्या भागात आधी यावा आणि मोटार त्यामागून पहिल्या भागात थांबेल. दुपारी मोटार येईपर्यंत टेंपो बाहेर आपल्याच भिंतीला लागून उभा राहिला तर आपल्या मुलाची झोप मोडावी लागणार नाही.

दोन्ही गाड्यांची एकेक जादा किल्ली एकमेकांच्या घरी खिळ्याला असावी. दुचाकीचे हँडल बोळात लॉक करू नये. फाटकाला कुलूप मी लावते.

ही केवळ परस्परांची सोय आहे. हिने कोणाचा हक्क वाढत नाही आणि कोणाचा जात नाही. महिनाभर करून पाहू. जमले नाही तर बसून बदलू. यात आपली काही अडचण असेल तर ती मला ठाऊक नाही, ती सांगावी.

आपली,”

आणि खाली माझे नाव, पूर्ण.

यातल्या एका वाक्याबद्दल दोन शब्द सांगते. ‘हिने कोणाचा हक्क वाढत नाही’ हे मी उगाच घातले नाही. आपल्याकडे लोक शेजाऱ्याला लेखी काही द्यायला भितात, आणि ती भीती निराधार नाही. 1882 च्या सुखाधिकाराच्या कायद्याप्रमाणे एखादी वाट कोणी वीस वर्षे, हक्काची समजून, उघडपणे आणि विनाअडथळा वापरली तर तिच्यावर वहिवाटीचा हक्क निर्माण होऊ शकतो. पण परवानगीने किंवा सोय म्हणून केलेला वापर यात बसत नाही. म्हणून ‘ही सोय आहे’ असे स्पष्ट लिहिले की दोन्ही घरे निर्धास्त होतात.

चिठ्ठी मी काचेवर लावली नाही, मुलाच्या हाती पाठवली नाही, आणि कॉलनीच्या व्हॉट्सॲपच्या गटावर तर मुळीच टाकली नाही. चार घरांसमोर वाचलेली विनंती ही विनंती राहत नाही, चावडी होते. संध्याकाळी, टेंपोवाल्या मुलाची झोप झाल्यावर, तिळगुळाच्या वाटीबरोबर मी ती स्वतः नेऊन दिली आणि म्हटले, “सावकाश वाचा, उत्तराची घाई नाही.”

उत्तर दुसऱ्या दिवशी आले, तोंडी. वहिनींनी सांगितले, “तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मागे टेंपो बाहेर होता तेव्हा एका रात्रीत बॅटरी चोरीला गेली. म्हणून तो आत घेतो. तुम्हाला अडवायला नाही.” तीन महिने मी त्याला आडमुठेपणा समजत होते! पण ही अडचण रात्रीची होती, दुपारची नव्हती. दुपारी उजेडात, ओसरीवरून दिसेल असा टेंपो बाहेर ठेवायला त्यांची ना नव्हती. त्यांनी एक दुरुस्ती सुचवली. मुलगा कधी रात्री दहापर्यंत आला नाही तर टेंपोने त्याची वाट पाहू नये, आत यावे. मग मोटार पहिल्या भागात थांबेल आणि पहाटे साडेचारला टेंपोसाठी मोटार काढायला कोणी उठणार नाही, किल्ली आहेच. ती दुरुस्ती मी चिठ्ठीच्या पाठीवर लिहिली आणि दोघींनी सह्या केल्या.

आता, सगळे सुरळीत झाले असे सांगितले तर वहिनी तिथूनच हात वर करतील. पहिल्याच आठवड्यात किल्ली खिळ्यावरून नाहीशी झाली. मुलाने टेंपो काढला आणि सवयीने किल्ली खिशात घातली. तेव्हापासून रात्री नऊला मी दिवा मालवताना खिळ्याकडे पाहते. रिकामा दिसला की लगेच फोन. दुचाक्या दर पंधरवड्याला वीतभर पुढे सरकत आणि मधल्या भागात येत. चुन्याची रेघ मारली ती पहिल्या पावसात गेली. मग ऑइलपेंटची पिवळी रेघ मारली, ती अजून आहे. रेघ आखल्यापासून कोणी कोणाला सांगावे लागत नाही, रेघच सांगते. पाहुण्यांच्या गाड्यांचे मात्र अजून अडते. लग्नकार्यात, पाडव्याला, कोणीतरी मोठी गाडी घेऊन आत शिरतोच. त्यावर आम्ही एवढेच ठरवले की ज्याचा पाहुणा त्याने त्याला फाटकातच अडवायचे, शेजाऱ्याने पाहुण्याला बोलायचे नाही. आणि ती गाडी तिसऱ्याच कोणाच्या फाटकासमोर लावायची नाही. आपला त्रास दुसऱ्याच्या दारात ढकलला म्हणजे तो मिटला असे होत नाही.

काहीजणी विचारतील की शेजारी ऐकतच नसेल तर? तर कायदा आहे. 2023 च्या भारतीय न्याय संहितेच्या 126 व्या कलमाखाली, ज्या वाटेने जाण्याचा आपल्याला हक्क आहे ती जाणूनबुजून अडवणे हा गुन्हा आहे. पण खाजगी वाट अडवण्याचा आपल्याला हक्कच आहे असे कोणी प्रामाणिकपणे मानत असेल, तर तो गुन्हा ठरत नाही, असा अपवाद त्याच कलमात आहे. आणि शेजाऱ्यांच्या भांडणात दोघेही तसेच मानत असतात! मग उरतो दिवाणी दावा आणि मनाई हुकूम. तो मिळू शकतो. पण त्यासाठी खत, मोजमाप आणि तारखांची नोंद लागते, म्हणजे मी कालनिर्णयावर केली तीच. तेव्हा टिपण वाया जात नाही. फक्त ते पहिल्यांदा न्यायाधीशापुढे न्यायचे की वहिनींपुढे, हे आपल्या हाती असते.

गेल्या वर्षी पावसाळ्यात एका रात्री शेजारच्या काकांना श्वास लागला. दीड वाजला होता. आमची मोटार त्या दिवशी पहिल्या भागात होती, मुलगा गाढ झोपेत. कोणी आमचे दार ठोठावले नाही. सकाळी उठून पाहिले तर मोटार बाहेर रस्त्यावर नीट लावलेली, टेंपो गेलेला, आणि आमची किल्ली ओसरीच्या कठड्यावर कागदाखाली ठेवलेली. कागदावर वहिनींच्या अक्षरात दोन ओळी होत्या: “ह्यांना दवाखान्यात नेले आहे. मोटार काढली. सासूबाईंची झोप मोडू नका.” खाली त्यांची सही होती.

काका आज बरे आहेत. आपल्याला सभेसाठी खुर्च्या त्यांनीच आणून दिल्या, टेंपोतून. आणि हो, पुढच्या शनिवारी भजन आमच्याकडे आहे. सर्वांनी यावे. स्कूटर बाहेर लावाव्यात.